‘कर्मण्येवाधिकारस्ते’: एका श्लोकाचा शब्दार्थ आणि रोमन लिप्यंतर वर्गासाठी कसं तयार करायचं

वर्गात एकदा मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक शब्दार्थासाठी दिला होता. पाठ असलेला श्लोक, त्यामुळे सगळ्यांनी पटापट लिहून वह्या पुढे केल्या. एका वहीत ‘भूः’ या पदासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पृथ्वी. आम्ही सगळेच हसलो, लिहिणाराही हसला. पण त्याचं चुकलं कुठे हे सांगायला गेल्यावर वर्गात कुणालाच ते नीट सांगता येईना. ‘भू’ म्हणजे पृथ्वी हे खरंच आहे की!

हा श्लोक मराठी माणसाला अवघड जातो तो तो अनोळखी आहे म्हणून नव्हे. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्या रोजच्या मराठीत आहे: कर्म, अधिकार, फळ, हेतू, संग, अगदी ‘ते’सुद्धा. त्यामुळे आपण शब्दकोश उघडतच नाही. मराठीतला अर्थ संस्कृत ओळीवर चिकटवतो आणि पुढे जातो. म्हणून हाच श्लोक घेऊन, वर्गात वाटायचं एक पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं तयार करायचं ते सांगतो. पानावर चार गोष्टी हव्यात: मूळ श्लोक, रोमन लिप्यंतर, अन्वय आणि प्रत्येक पदाचा अर्थ.

आधी श्लोक जसाच्या तसा

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन।
मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि॥

हे आठवणीतून लिहू नका, छापील पाठ समोर ठेवून उतरवा. पाठांतरात सूर बरोबर असतो, पण ह्रस्व-दीर्घ मराठी वळणाचं असतं. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ होतात, म्हणून हात आपोआप ‘हेतूर्भूर्मा’ लिहितो. संस्कृतात तो ‘हेतु’च. दुसरी सवय अनुस्वाराची. मराठीत आपण ‘संग’ लिहितो आणि ते बरोबरच आहे, पण संस्कृत पाठात ‘सङ्ग’ असं ङकार दाखवून लिहिलेलं बरं, कारण पुढे रोमन अक्षर ठरवताना तोच आधार लागतो.

उतरवून झालं की अक्षरं मोजायची. हा अनुष्टुभ् आहे: चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण 32. मोजायचे ते स्वर. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी ते एकच अक्षर. ‘क-र्म-ण्ये-वा-धि-का-र-स्ते’ हे आठ झाले. तिसऱ्या चरणात ‘मा-क-र्म-फ-ल-हे-तु-र्भू’ असे आठ होतात, आणि त्यापुढच्या ‘मा’पासून चौथा चरण सुरू होतो. म्हणजे लिहिताना ‘भूर्मा’ एकत्र दिसतं, पण मधला रेफ तिसऱ्या चरणाचा आणि ‘मा’ चौथ्याचा. हे आत्ताच लक्षात घेतलं तर पदं सुटी करताना निम्मं काम सोपं होतं.

संधी सोडवणं आणि परत जोडून बघणं

या श्लोकात सात ठिकाणी पदं एकमेकांना चिकटली आहेत. ‘कर्मणि’ आणि ‘एव’ यांच्यामध्ये इ-चा य् झाला: कर्मण्येव. त्याच ‘एव’चा शेवटचा अ आणि ‘अधिकारः’चा पहिला अ मिळून आ झाला. ‘अधिकारः’च्या विसर्गाचा पुढच्या ‘ते’मुळे स् झाला. ‘हेतुः’ आणि ‘भूः’ या दोघांच्याही विसर्गांचा र् झाला: हेतुर्भूर्मा. ‘सङ्गः अस्तु’ याचं ‘सङ्गोऽस्तु’ झालं. इथे जो ऽ दिसतो तो गिळलेल्या अ-ची खूण आहे. आणि शेवटी ‘अस्तु अकर्मणि’ याचं ‘अस्त्वकर्मणि’.

खरी फसवणूक या शेवटच्या जोडणीत आहे. वर्गात दर खेपेला कुणीतरी ‘अस्तु + कर्मणि’ असं सोडवतंच. तसं केलं की अर्थ थेट उलटा होतो. ‘कर्म न करण्यात तुझी आसक्ती नसो’ याऐवजी ‘कर्मात तुझी आसक्ती नसो’ असं वाक्य तयार होतं, आणि गंमत म्हणजे तेही गीतेत शोभून दिसतं. त्यामुळे अर्थाकडे बघून ही चूक कळत नाही. अक्षरं मोजूनही सापडत नाही, कारण ‘मा ते सङ्गोऽस्तु कर्मणि’ यातही आठच अक्षरं भरतात.

ती सापडते एकाच रीतीने: सोडवलेली पदं परत जोडून बघायची. ‘अस्तु’ आणि ‘कर्मणि’ जोडले तर ‘अस्तुकर्मणि’ होईल, उ-ला व् व्हायचं काही कारणच नाही. ओळीत ‘स्त्व’ दिसतो, याचा अर्थ पुढे स्वर होता. तो स्वर अ. म्हणून ‘अकर्मणि’. मी वर्गात नियमच केला आहे की संधी सोडवलेल्या ओळीखाली ती परत जोडून लिहायची, आणि मूळ ओळीशी अक्षर न् अक्षर जुळली तरच पुढे जायचं.

सुटी केलेली ओळ अशी:

कर्मणि एव अधिकारः ते मा फलेषु कदाचन।
मा कर्मफलहेतुः भूः मा ते सङ्गः अस्तु अकर्मणि॥

पंधरा पदं. ‘कर्मफलहेतुः’ हा समास आहे, म्हणून ते एकच पद मोजायचं. त्याचे तुकडे इथे करायचे नाहीत.

क्रियापद धरून अन्वय

शब्दार्थाकडे वळण्याआधी अन्वय लावा. उलट क्रमाने गेलात की ‘भूः = पृथ्वी’ होतं, कारण सुट्या शब्दाला स्वतःची अशी काहीच जागा नसते. जुनी खंडान्वयाची पद्धत इथे उपयोगी पडते: आधी क्रियापद शोधायचं, मग त्याला प्रश्न विचारत जायचं.

चौथ्या चरणात ‘अस्तु’ हे क्रियापद उघड दिसतं: असो. काय असो? सङ्गः. कुणाचा? ते, म्हणजे तुझा. कशात? अकर्मणि. असो की नसो? मा, म्हणजे नसो. वाक्य पूर्ण झालं, एकही पद उरलं नाही.

तिसऱ्या चरणात तीनच पदं आहेत: मा, कर्मफलहेतुः, भूः. यात क्रियापद कुठलं? ‘मा’ अव्यय, ‘हेतुः’ नाम. उरतं ‘भूः’. ते नाम मानलं तर ‘कर्मफलहेतू पृथ्वी नको’ असं काहीतरी होतं आणि वाक्य उभं राहत नाही. ‘भू’ हा धातू आहे, अर्थ ‘होणे’. त्याचं लुङ् लकारातलं, म्हणजे भूतकाळाच्या एका प्रकारातलं, द्वितीय पुरुष एकवचन ‘अभूः’ असं होतं. संस्कृतात ‘मा’ लागला की या रूपाचा सुरुवातीचा अ गळतो आणि अर्थ भूतकाळाचा न राहता मनाईचा होतो. पाणिनीची दोन सूत्रं त्यासाठी आहेत: ‘माङि लुङ्’ आणि ‘न माङ्योगे’. ‘मा भूः’ म्हणजे ‘होऊ नकोस’. विद्यार्थ्यांना हे रूप विचित्र वाटतं, तेव्हा गीतेतलीच दोन ठिकाणं दाखवा. याच अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात ‘मा स्म गमः’ आहे आणि अठराव्या अध्यायात 66व्या श्लोकात ‘मा शुचः’. ‘अगमः’, ‘अशुचः’ यांचा अ तसाच गळला आहे. एकदा हे साचे कानात बसले की ‘भूः’कडे पृथ्वी म्हणून कुणी बघत नाही.

चौथ्या चरणात मात्र ‘मा’बरोबर ‘अस्तु’ आहे, ते आज्ञार्थाचं, म्हणजे लोट् लकाराचं रूप. तेही चालतं, अशी उदाहरणं संस्कृतात आढळतात. त्यावर वर्गात जास्त वेळ घालवू नये.

पहिल्या ओळीत क्रियापदच नाही. ते आपण वरून आणायचं आणि कंसात लिहायचं. ‘कर्मणि एव ते अधिकारः (अस्ति), फलेषु कदाचन मा (अस्तु)।’ कंस टाळू नका. विद्यार्थ्याला मूळ पद कोणतं आणि आपण भरलेलं कोणतं हे दिसलं पाहिजे. तिसऱ्या चरणातला ‘त्वम्’ही असाच कंसात: ‘(त्वम्) कर्मफलहेतुः मा भूः, अकर्मणि ते सङ्गः मा अस्तु।’

नाही आणि नको

या श्लोकाच्या अर्थावर मी सगळ्यात जास्त वेळ कुठे देतो, तर ‘मा’वर. श्लोकात तो तीन वेळा येतो आणि तीनही वेळा बहुतेक वह्यांत त्याच्यासमोर ‘नाही’ लिहिलेलं असतं. ‘तुला कर्माचाच अधिकार आहे, फळाचा नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही.

संस्कृतात ‘नाही’साठी ‘न’ आहे. ‘न’ वस्तुस्थिती सांगतो, ‘मा’ मनाई करतो. मराठीचं नशीब असं की आपल्याकडे हा भेद जसाच्या तसा आहे: ‘नाही’ आणि ‘नको’. ‘तो बोलत नाही’ आणि ‘बोलू नकोस’ यांची गल्लत मराठी मूलसुद्धा करत नाही. मग श्लोकाच्या अर्थात ती का व्हावी? ‘फलेषु न’ असतं तर ‘फळांवर तुझा अधिकार नाही’ ही माहिती झाली असती. ‘मा फलेषु’ म्हणजे ‘फळांच्या ठायी तुझा अधिकार नसो’, तू तो मानू नकोस, अशी सूचना आहे. शंकराचार्यांनीही भाष्यात ‘मा फलेषु अधिकारः अस्तु’ असं क्रियापद भरून लगेच ‘कर्मफलतृष्णा मा भूत्’ असा खुलासा केला आहे. म्हणजे बोलणं फळाच्या हव्यासाबद्दल आहे. फळ मिळणार की नाही, याचा तिथे निवाडा नाही.

‘कदाचन’चा घोटाळा याच्याच शेजारी होतो. पुष्कळ पानांवर ‘कदाचन = कधीही नाही’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. त्यातला ‘नाही’ कुठून आला? तो ‘मा’चा आहे. ‘कदाचन’ म्हणजे नुसतं ‘कधीही’. दोन्ही पदांसमोर नकार लिहिला तर विद्यार्थी सरळ विचारतो, दोन नकारांचा होकार होतो ना? तो बरोबर विचारतो. शब्दार्थाच्या पानावर प्रत्येक पदाला त्याच्या वाट्याचा अर्थच द्यायचा, शेजाऱ्याचा नाही.

ओळखीचे शब्द

‘ते’ बघा. मराठीत ‘ते’ म्हणजे ‘ती माणसं’, आणि दुर्दैवाने संस्कृतातही ‘तद्’चं पुल्लिंगी बहुवचन ‘ते’च होतं. पण इथे तो ‘युष्मद्’चा, ‘तव’ याचं आखूड रूप: तुझा. ओळखायचं कसं? हे आखूड ‘ते’ चरणाच्या सुरुवातीला कधी येत नाही, कुणाच्या तरी मागून येतं. इथे दोन्हीकडे तसंच आहे. अर्थात ही नुसती सोय आहे, कारण ‘तद्’चा ‘ते’ही मधे येऊ शकतो. पक्कं उत्तर अन्वयात मिळतं: बहुवचनी ‘ते’ घेतला तर त्याला जोडायला बहुवचनी क्रियापद कुठे आहे?

‘अधिकार’ला मराठीत हक्क आणि सत्ता असा वास आहे. संस्कृतात पात्रता, नेमलेलं काम, ज्या क्षेत्रात आपलं चालतं ते क्षेत्र, असा अर्थ आधी येतो. मराठीतही हा अर्थ अजून पूर्ण गेलेला नाही. आपण ‘अधिकारी पुरुष’ म्हणतो तेव्हा सरकारी अधिकारी डोक्यात नसतो. मी अर्थात ‘अधिकार’ हाच शब्द ठेवतो आणि खाली ‘हक्क नव्हे, पात्रता, कार्यक्षेत्र’ अशी टीप देतो. ‘हक्क’ लिहिलं की वर्गाची चर्चा लगेच पगार आणि मोबदल्याकडे वळते, असा अनुभव आहे.

‘कर्मणि’ हे ‘कर्मन्’ या नपुंसकलिंगी शब्दाचं सप्तमी एकवचन: कर्माच्या ठायी. विद्यार्थ्यांना सांगा की हे रूप ते शाळेपासून वापरत आले आहेत. मराठी व्याकरणातला ‘कर्मणी प्रयोग’ म्हणजे हीच सप्तमी, आणि ‘कर्तरी’, ‘भावे’ याही सप्तम्याच. वर्गात हे सांगितलं की दोन मिनिटं कुजबुज होते, ती होऊ द्यावी. ‘कर्मणि’ला लागून आलेला ‘एव’ म्हणजे मराठीतला ‘च’. तो ज्या पदाच्या मागे असतो त्यालाच लागतो. ‘कर्माच्याच ठायी तुझा अधिकार’ म्हणायचं. ‘कर्माच्या ठायी तुझाच अधिकार’ म्हटलं तर ‘च’ जागा सोडून पळाला.

‘सङ्ग’ म्हणजे सोबत नव्हे. ‘सञ्ज्’ धातूचा अर्थ चिकटणे, त्यावरून आसक्ती, ओढ. आणि ‘अकर्म’ म्हणजे वाईट कर्म नव्हे. त्यासाठी गीतेत ‘विकर्म’ हा निराळा शब्द आहे आणि चौथ्या अध्यायाच्या 17व्या श्लोकात कर्म, विकर्म, अकर्म तिन्ही शेजारी शेजारी येतात. ‘अकर्म’ म्हणजे न करणं, हातावर हात ठेवून बसणं.

कर्मफलहेतुः या समासाचं काय करायचं

इथे पानावर एकच अर्थ लिहून मोकळं होऊ नये, कारण जुन्या टीकाकारांनीच दोन वाटा धरल्या आहेत. पहिला भाग सोपा: कर्माचं फळ, ‘कर्मफल’. प्रश्न ‘हेतु’ कसा जोडायचा हा.

तत्पुरुष मानला तर ‘कर्मफलाचा हेतू’, म्हणजे फळ मिळण्याचं कारण. शंकराचार्य असा घेतात: फळाची तृष्णा धरलीस तर त्या फळाच्या प्राप्तीला तूच कारण होशील, तसा होऊ नकोस. इथे ‘हेतु’ म्हणजे कारण, मराठीतला ‘उद्देश’ नव्हे. बहुव्रीही मानला तर ‘कर्मफल हाच ज्याचा हेतू आहे असा’, म्हणजे फळासाठीच जो कामाला लागतो तो. श्रीधरस्वामींनी असा विग्रह केला आहे. इथे मात्र ‘हेतु’ मराठी अर्थाच्या अगदी जवळ येतो.

यातला एक निवडायचा तर मी बहुव्रीही निवडतो, आणि त्याला कारण दोनच श्लोक पुढे आहे. 49व्या श्लोकाचा शेवट ‘कृपणाः फलहेतवः’ असा होतो: फलहेतू असणारे ते कृपण, दीन. तिथे ‘फलहेतवः’ हे पद ‘कृपणाः’सोबत माणसांसाठी येतं. ‘फळ हाच ज्यांचा हेतू ते’ असं म्हटलं तर अर्थ सरळ लागतो. ‘फळांची कारणं असलेले’ म्हटलं तर ओढून आणल्यासारखा वाटतो. जवळजवळ तोच समास इतक्या जवळ एका अर्थाने आला असेल तर आधीच्या ठिकाणीही तोच धरणं मला सोयीचं वाटतं. तरी पानावर दोन्ही विग्रह द्या. समास सोडवताना आसपासचे श्लोक चाळायचे असतात, हे विद्यार्थ्याला इथे प्रत्यक्ष दिसतं.

रोमन लिप्यंतर

लिप्यंतरासाठी आयएएसटी ही पद्धत घ्या. संस्कृतच्या छापील ग्रंथांत तीच रुळली आहे. एका देवनागरी ध्वनीला ठरलेलं एक रोमन चिन्ह, म्हणून त्यावरून परत देवनागरी लिहिता येते. ‘karmanyevadhikaraste’ असं मोबाइलवर टाइप करतो त्यातून ‘का’ की ‘क’, ‘ण’ की ‘न’ हे परत काढता येत नाही.

दोन ओळी द्या. पहिली श्लोकासारखी जोडलेली, दुसरी संधी सोडवलेली:

```
karmaṇyevādhikāraste mā phaleṣu kadācana |
mā karmaphalaheturbhūrmā te saṅgo'stvakarmaṇi ||

karmaṇi eva adhikāraḥ te mā phaleṣu kadācana |
mā karmaphalahetuḥ bhūḥ mā te saṅgaḥ astu akarmaṇi ||
```

या दोघींची सरमिसळ करायची नाही. जोडलेल्या ओळीत विसर्ग एकही नाही, सुट्या ओळीत चार आहेत. पहिल्या ओळीत कुठे `ḥ` दिसला की समजावं, नक्कल करताना सुटी ओळ मधे घुसली.

मराठी हाताकडून इथे ठरावीक चुका होतात. पहिली, शेवटचा अ गाळणं. मराठीत ‘फळ’, ‘कदाचन’ यांचा शेवट आपण हलन्त उच्चारतो, म्हणून `kadācan` लिहिलं जातं. संस्कृतात तो अ पूर्ण आहे आणि तो गाळला तर चरणात सातच अक्षरं उरतात. म्हणून लिप्यंतर झाल्यावरही स्वर मोजा, 32 आलेच पाहिजेत. दुसरी, ‘च’साठी `ch` लिहिणं. या पद्धतीत च म्हणजे नुसता `c`, आणि `ch` म्हणजे छ. तिसरी, ‘फ’साठी `f`. ओठ दातांना न लावता प-ला हकार जोडायचा तो हा फ, म्हणून `ph`. आणि `e`, `o` यांच्यावर आडवी रेघ नसते म्हणून त्यांना ह्रस्व समजू नये. संस्कृतात ए आणि ओ दीर्घच असतात, म्हणून वेगळी खूण लागत नाही. लघु-गुरू मोजायला बसलेला विद्यार्थी `te` आणि `phale` इथे हटकून चुकतो.

‘सङ्ग’चं `saṅga` होतं, `saṃga` नव्हे. आपल्या सुरुवातीच्या ‘सङ्ग’चा उपयोग इथे झाला.

टाइप करायला ही अक्षरं नसतील तर हार्वर्ड-क्योटो पद्धतीने साध्या कळफलकावर लिहा आणि मग रूपांतर करा:

```
karmaNyevAdhikAraste mA phaleSu kadAcana
mA karmaphalaheturbhUrmA te saGgo'stvakarmaNi
```

यात मोठं अक्षर म्हणजे वेगळा ध्वनी, म्हणून ओळीचं पहिलं अक्षर सवयीने मोठं करू नका. फोन ते आपणहून मोठं करतो. `Ma`चा उच्चार मग काही वेगळाच होऊन बसतो.

एक तांत्रिक अडचण मला फार उशिरा कळली. पडद्यावर `ṇ` एकच दिसतो, पण तो संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकसंध `U+1E47`, किंवा साधा `n` आणि त्यापुढे खालच्या टिंबाची वेगळी खूण `U+0323`. पानाचा अर्धा भाग एकीकडून आणि अर्धा दुसरीकडून चिकटवला असेल तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोध घेतला की निम्मे शब्द सापडत नाहीत. सगळा मजकूर एकदा एनएफसी या युनिकोडच्या एकसंध रूपात आणून ठेवला की प्रश्न मिटतो.

वर्गात द्यायचं पान

शब्दार्थ पानावर अन्वयाच्या क्रमाने लावा, श्लोकाच्या क्रमाने नव्हे. वरून खाली वाचत गेलं की वाक्यच झालं पाहिजे.

कर्मणि `karmaṇi`: कर्मन्, नपुं., सप्तमी एक. – कर्माच्या ठायी
एव `eva`: अव्यय – च
ते `te`: युष्मद्, षष्ठी एक. – तुझा
अधिकारः `adhikāraḥ`: पुं., प्रथमा एक. – अधिकार
(अस्ति) – (आहे)
फलेषु `phaleṣu`: फल, नपुं., सप्तमी बहु. – फळांच्या ठायी
कदाचन `kadācana`: अव्यय – कधीही
मा `mā`: अव्यय – नको
(अस्तु) – (असो)
(त्वम्) – (तू)
कर्मफलहेतुः `karmaphalahetuḥ`: पुं., प्रथमा एक. – कर्मफळ हाच ज्याचा हेतू असा. किंवा, कर्मफळाला कारण होणारा
मा `mā` – नको
भूः `bhūḥ`: भू धातू, लुङ्, द्वितीय पुरुष एक. – होऊस
अकर्मणि `akarmaṇi`: अकर्मन्, नपुं., सप्तमी एक. – कर्म न करण्यात
ते `te`: युष्मद्, षष्ठी एक. – तुझी
सङ्गः `saṅgaḥ`: पुं., प्रथमा एक. – आसक्ती
मा `mā` – नको
अस्तु `astu`: अस् धातू, लोट्, तृतीय पुरुष एक. – असो

आणि त्याखाली सलग अर्थ: कर्माच्याच ठायी तुझा अधिकार आहे, फळांच्या ठायी तो कधीही नसो. कर्माचं फळ हाच ज्याचा हेतू, असा तू होऊ नकोस. आणि काही न करण्याचीही ओढ तुला नसो.

‘सङ्ग’ पुल्लिंगी आहे आणि ‘आसक्ती’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ते’समोर एकदा ‘तुझा’ आणि एकदा ‘तुझी’ आलं आहे. यावर वर्गात कुणीतरी बोट ठेवतंच. लिंग मराठी नामाचं लागतं, संस्कृत ‘ते’ला लिंगच नाही, एवढं सांगितलं की झालं.

पान वाटण्याआधी मी एक करून बघतो. श्लोक झाकतो, फक्त पहिला स्तंभ समोर ठेवतो आणि त्या सुट्या पदांवरून श्लोक परत लिहितो. मागच्या वेळी ‘अस्तु’ आणि ‘अकर्मणि’ यांच्यात अन्वयामुळे तीन पदांचं अंतर पडलं होतं, आणि ती जोडायला मलाच क्षणभर थांबावं लागलं. तेव्हापासून सुटी ओळ पानाच्या माथ्यावर, मूळ श्लोकाच्या लगेच खाली ठेवतो.